उशिरा बोलणारी काळी चार

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती फक्त लाकडावर खुणा करायला, त्यामुळे माझी अक्षरंसुद्धा पटाशीने कोरल्यासारखी येतात. ऱ्हस्व-दीर्घ मी पेटी जुळवते तसे कानाने लावले आहेत. चुकले असतील तर माफी असावी. आमच्या वाडीतल्या वाचनालयाची मुलं दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढतात. त्यांनी ‘तुमच्या धंद्यावर काहीतरी लिहा’ म्हणून तीनदा माणूस पाठवला. तिन्ही वेळा मी आतून ‘घरात कोणी नाही’ असं ओरडून सांगितलं. तिसऱ्या वेळी तो पोरगा हसत गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सांगायलासुद्धा घरात कोणीतरी असावं लागतं. मग लाज वाटली आणि ही वही काढली. अंकाला देईन की नाही ते ठाऊक नाही. सध्या तरी माझी मीच वाचणार आहे.

मी हार्मोनियम दुरुस्त करते. आमच्याकडे तिला पेटीच म्हणतात. मालवणच्या अलीकडे खाडीकाठी आमचं घर. माझे बाबा हेच काम करायचे आणि भजनात पेटी वाजवायचे. चौथी झाली नि माझी शाळा सुटली, कारण बाबांना भाता हलवायला माणूस हवं होतं. सूर जुळवणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात. एका हातात कानस, दुसऱ्या हातात सुराची पट्टी. मग मागे बसून कोणीतरी भाता हलवायचा. मी सहा वर्षं भाता हलवला. त्या सहा वर्षांत माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही आणि मला ते फार आवडलं.

बाबा गेल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा माझा मोठा भाऊ पडवीत बसला होता. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादाने पेटी घेतली, आत आणून माझ्यापुढे ठेवली. मी दुरुस्त केली. दादाने बाहेर नेऊन दिली. गिऱ्हाइकाला वाटलं, दादानेच केली. दादाने ‘मी नाही’ म्हटलं नाही, मीही आतून ‘मी केली’ म्हटलं नाही. अशी तीसेक वर्षं गेली. दादाला पेटीतलं एवढंच कळतं की ती खाली आपटू नये. पण बोलतो झकास. ‘हवामान दमट असा, लाकूड फुगता,’ हे एक वाक्य त्याने बाबांकडून उचललं, आणि त्यावर त्याचं नाव कुडाळपर्यंत गेलं.

वाक्य खरंच आहे म्हणा. आमच्या समुद्राच्या हवेत लाकूड फुगतं, मग दाबलेली पट्टी वर येत नाही. पितळेवर हिरवी बुरशी धरते. भात्याच्या घड्यांची कातडी सुकून फाटते नि वाजवणाऱ्याला दम लागतो, पेटीला नव्हे. झुरळं तर पेटी म्हणजे धर्मशाळाच समजतात. गणूबुवा म्हणून आमच्या पंचक्रोशीतले भजनीबुवा आहेत. त्यांच्या पेटीत एकदा उंदराने घर केलं होतं. घर कागदाचं, आणि कागद बुवांच्या स्वतःच्या भजनांच्या वहीचे. बुवा वर्षभर ती वही शोधत होते नि वर्षभर तिच्यावरच हात ठेवून गात होते. दुसऱ्या एकाने पेटी सुकटीच्या पोत्याशेजारी ठेवली होती. मी ती तीन वेळा उन्हात टाकली, कापूर ठेवला, लिंबाची सालं ठेवली. सूर उत्तम लागले, पण भजनाला बसले की मांजरं येऊन भात्यासमोर बसायची. त्या माणसाने अजून दादाचं पूर्ण कौतुक केलेलं नाही.

आता थोडं आतलं सांगते, नाहीतर पुढची माझी फजिती कळणार नाही.

पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली एक सूर असतो. सूर म्हणजे पितळेची एक छोटी चौकट आणि तिच्यावर एका टोकाला खिळलेली पितळेची पातळ जीभ. पट्टी दाबली की खालचं भोक उघडतं, भात्यातली हवा त्या जिभेवरून जाते, जीभ थरथरते, आवाज येतो. जिभेचं टोक घासलं तर सूर चढतो. खिळ्याकडचं मूळ घासलं तर उतरतो. हे ऐकायला सोपं आहे. एक घास जास्त झाला की मात्र दुसऱ्या बाजूने घासत बसावं लागतं, आणि असं करता करता जीभ इतकी पातळ होते की तुटते. मी सुरुवातीच्या वर्षांत किती तोडल्या ते सांगणार नाही.

दुसरी गोष्ट उचल. जीभ चौकटीत सपाट बसत नाही, केसभर वर उचललेली असते. उचल फार कमी असली तर हवेचा झोत येताच जीभ भोकाला चिकटल्यासारखी होते आणि सूर बोलतच नाही. फार जास्त असली तर हवा बाजूने निसटते, आणि सूर उशिरा बोलतो. पट्टी दाबली, भाता दाबला, ‘हुस्स’ असा श्वास ऐकू आला आणि मग आवाज. खालच्या जाड सुरांना हा आजार जास्त. त्यांची जीभ लांब नि जड असते, उठायला वेळ लागतो, माझ्यासारखी. दुरुस्ती करणाऱ्याचं सगळं कौशल्य सुराने पट्टी दाबताच बोलावं ह्यातच. हा माझा अभिमान होता. दादाच्या नावावर गेलेला असला तरी माझाच.

बाबांचा एक नियम होता, तो मी कधीच पाळला नाही. ते म्हणायचे, ‘आधी गिऱ्हाइकाक वाजवूक सांग. तो कसो वाजवता तां ऐक. मगे पेटी उघड.’ गिऱ्हाइकाला वाजवायला सांगायचं म्हणजे त्याच्याशी बोलायला हवं. मी पेटीशी बोलून काम भागवत आले.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगणं अवघड जातं. बाबांनी एक पद केलं होतं. एका जुन्या, एकेरी सुरांच्या, म्हणजे पट्टीमागे एकच सूर असलेल्या पेटीवर केलेलं. राधा खाडीकाठी हरीची वाट बघते, असं काहीसं होतं. ती पेटी घराला कौलं घालायच्या वेळी त्यांनी विकली. मी तेव्हा दहा-अकराची असेन. नव्या पेटीवर ते पद त्यांनी कधी वाजवलं नाही. ‘हेच्यार बसणा नाय,’ म्हणायचे. शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी ते गुणगुणून दाखवलं आणि विचारलं, ‘ध्यानात रवला मां? म्हणून दाखव बघया.’ मला आलं नव्हतं. शिवाय माणसांसमोर तोंड उघडून गाणं मला जमत नाही, बापासमोरसुद्धा. मी मान हलवली. बाबांना बरं वाटलं. आठ दिवसांनी ते गेले. पद माझ्याकडे आहे ह्या समजुतीने गेले, आणि माझ्याकडे फक्त एक ओळ होती: ‘थांब जरा गे, थांब राधिके’. चालसुद्धा नव्हती. दरवर्षी देवळातल्या भजनाला गणूबुवा विचारायचे, ‘शेवंते, बापाशीचा पद देतंस काय?’ मी दरवर्षी मान हलवायचे, तीच मान, फक्त दुसऱ्या बाजूने.

आता त्या पेटीची गोष्ट.

चतुर्थीच्या आधीचा महिना म्हणजे आमची सुगी. प्रत्येक भजनी मंडळाला वर्षभर बासनात ठेवलेली पेटी त्याच आठवड्यात आठवते. अशा गर्दीत शिरोड्याहून एक गृहस्थ पेटी घेऊन आले. नाव जयवंत. एसटीत चालक होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी दाराच्या फटीतून पाहिलं. हात एवढे मोठे की पेटी त्यांच्या काखेत डब्यासारखी दिसत होती.

‘तीन पट्ट्या दाबल्यार वर येणत नाय, नि भातो गळता,’ ते दादाला म्हणाले. ‘आवशीची पेटी असा. चतुर्थीक तिका वाजवन दाखवूची असा.’

‘हवामान दमट असा, लाकूड फुगता,’ दादा म्हणाला.

त्यांच्या आईची ती पेटी माझ्यापुढे आली. जुनी, एकेरी सुरांची. कोणीतरी मधे वरून चॉकलेटी रंग दिलेला, भाता बदललेला. तीन पट्ट्यांच्या बाजू मी काचकागदाने घासल्या, त्यांना वर ढकलणाऱ्या दोन कमानी बदलल्या, भात्याला नवी कातडी लावली. इथे थांबायला हवं होतं. सांगितलेलं काम झालं होतं. पण मी सगळे सूर एकेक करून वाजवत गेले, आणि खालच्या सप्तकातली काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, उशिरा बोलली. दाबली, हुस्स, आणि मग अर्ध्या श्वासाने, ढेकर दिल्यासारखी आली.

मी तो सूर उलगडून बघितला आणि हसले. जीभ कारखान्यातली नव्हतीच. कोणीतरी पितळेच्या पत्र्यातून हाताने कापलेली, हवी त्याहून आखूड आणि जाड. ती मुळात चढ्या सुरात वाजली असती, म्हणून टोकाला शिशाचा एक थेंब डाग देऊन जड केलेली, आणि मग सूर उतरलेला. उचलही भलतीच. ‘कोण गाढव होतो काय माहीत,’ असं मी मोठ्याने म्हणाले. एकटी असताना मी मोठ्याने बोलू शकते. तो सूर काढून मी जुन्या पितळेच्या डब्यात टाकला. त्याच्या जागी माझ्याकडचा एक चांगला सूर दोन स्क्रूंनी बसवला, जुळवला, उचल ठीक केली. दाबताच बोलला. मी तीनचारदा उगाच दाबून बघितला, एवढी खूष होते. बिलात त्याचे चारशे रुपये वेगळे लावायला सांगितले. दादाने पेटी देताना जयवंतभाऊंना अभिमानाने सांगितलं, ‘तुमी सांगूक नाय, तरी खालचो एक सूर नवीन घातलंय.’

चार दिवसांनी जयवंतभाऊ परत आले. मी स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होते. पडवीत गणूबुवा स्वतःची पेटी न्यायला आलेले बसले होते, आणखी दोन मंडळांची माणसं होती. जयवंतभाऊंनी पेटी धाडकन ठेवली.

‘माझी आवस म्हणता, ही आपली पेटी न्हय,’ ते म्हणाले. ‘बदलून दिल्यात तुमी.’

आमच्या धंद्यात चोर म्हटलं की संपलं. आणि ते चतुर्थीच्या आधी, तीन मंडळांसमोर.

‘अरे बाबा, पेटी म्हणजे काय छत्री असा चुकान बदलूक?’ दादा म्हणाला. ‘ह्यो बघ तुझो रंग, ह्यो बघ तुझो भातो.’

‘भातो तुमी नवो लावलात. रंग कोणय लावता. आवस माझी पंच्याऐंशीची असा, डोळ्यांनी दिसणा नाय, पण कानांनी बरोबर असा. म्हणाली, ही माझी न्हय, परत घेवन जा.’

‘हवामान...’ दादाने सुरू केलं.

‘हवामानाचा सांगा नकात. ऐका. माका एकच वाजवूक येता, आवशीन शिकवलेला. माझ्या पेटीवर बरोबर वाजता. हेच्यावर बघा काय होता तां.’

आणि ते वाजवू लागले.

वाजवणं म्हणावं असं ते नव्हतं. चाळीस वर्षं एसटीचं चाक फिरवलेले हात ते. एकेक बोट पट्टी शोधून ठेवत होते, एखादा म्हातारा अंधारात पायरी शोधतो तसं. काळी एक धरून सुरुवात. दोन सूर वर, परत खाली, परत वर. मग हळूहळू खाली उतरत काळी चारवर आले. पट्टी दाबताच माझा नवा सूर तयार असलेल्या शिपायासारखा खणकन बोलला. जयवंतभाऊ दचकले. बोट उचललं. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच दचकले.

गणूबुवा हसले. ‘अरे, तुकाच येणा नाय, पेटीची काय चूक?’

मीही आत हसत होते. माझ्या हातात बांगडा होता.

तिसऱ्या वेळी जयवंतभाऊंनी वेगळं केलं. खाली उतरत आले, आणि काळी चार दाबायच्या आधी थांबले. बोट पट्टीवर ठेवलेलं, दाबलेलं नाही. अर्धा श्वास. आणि मग दाबली.

माझा हात थांबला.

तो सूर मी केव्हाच विसरले होते, पण ते थांबणं विसरले नव्हते. ते माझ्या खांद्यात होतं. दहा वर्षांची मी भात्यामागे बसलेली, आणि बरोबर त्या जागी बाबा मान वर करून मला म्हणायचे, ‘थांब गो, येतलो तो.’ कारण त्या जागी घाईने भाता दाबला तर सूर गुदमरायचा. सावकाश दाबून वाट बघायची, मग तो यायचा. पद त्या थांबण्याभोवती केलेलं होतं. नव्या पेटीवर ते ‘बसणा नाय’ ते ह्यासाठी. नव्या पेटीत वाट बघायला काही उरलंच नव्हतं.

जयवंतभाऊंना वाजवता येत नाही असं सगळ्यांना वाटत होतं. ते अगदी बरोबर वाजवत होते. जिथे अडखळत होते, तिथे माझ्या बाबांनी अडखळायला सांगितलं होतं.

आणि चालीबरोबर मला शब्द आठवायला लागले. एकेक सूर यायचा, त्यावर एकेक अक्षर येऊन बसायचं. पण त्या थांब्यापाशी जयवंतभाऊ पुन्हा गोंधळले, नव्या सुराला कंटाळून बोट आपटलं, पेटी मिटायला लागले. शेवटची ओळ अजून आठवायची होती. पेटी मिटली की ती शिरोड्याला, आणि चोरीचा शिक्का आमच्या दारात.

मी पडवीत आले. कशी आले ते आठवत नाही. हातात बांगडा तसाच होता, हे नंतर दादाने सांगितलं.

‘पेटी तुमचीच असा,’ मी म्हणाले. ‘सूर बदललेलो असा. तो मीच बदललंय. तुमी सांगूक नव्हतात.’

‘तू?’ गणूबुवा म्हणाले. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा कौलं मोजत होता. ‘म्हणजे इतकी वर्सां माझी पेटी ह्या चेडवान केल्यान? नि मी ह्या गड्याक दरवर्सा नारळ देतंय?’

मी बासष्ट वर्षांची आहे. मला चेडू, म्हणजे पोरगी, म्हटल्याचं तेव्हा काही वाटलं नाही, नंतर जरा बरंच वाटलं.

‘माझो जुनो सूर खंय असा?’ जयवंतभाऊंनी विचारलं.

जुन्या सुरांचा माझा डबा म्हणजे खोबरेल तेलाचा मोठा पत्र्याचा डबा. त्यात तीस वर्षांचं पितळ होतं. तो मी पडवीत चटईवर ओतला. शेकडो सूर. गणूबुवांसकट सगळे शोधायला बसले. ‘टोकाक शिशाचो थेंबो बघा,’ मी सांगितलं. बुवांनाच सापडला. जीभ डब्यात दबून जवळजवळ सपाट झाली होती.

मी तो उजेडात धरला. कानशीच्या रेघा जिभेवर डावीकडे झुकलेल्या होत्या. उजव्या हाताचा माणूस घासतो तेव्हा रेघा दुसऱ्या बाजूला झुकतात. माझे बाबा डावखुरे होते. त्यांच्या हातच्या अशा रेघा मी सहा वर्षं बघितल्या होत्या, आणि चार दिवसांपूर्वी त्याच बघून ‘कोण गाढव’ म्हणाले होते. पेटीच्या आत बघून मी माणूस ओळखते, असं मी मनातल्या मनात किती वर्षं म्हणत आले होते.

मग मी आयुष्यातलं सगळ्यात उलटं काम केलं. सूर उशिरा बोलायला लावला.

बिघडवणं सोपं असतं असं वाटेल, पण तसं नाही. फार उशीर झाला तर तो नुसता श्वास होतो. थोडा कमी झाला तर तो चुकल्यासारखा वाटतो. नवा सूर काढला, जुना बसवला. पातळ पत्रा जिभेखाली सरकवून केसभर उचललं. जयवंतभाऊंनी दाबली. खणकन.

‘नाय,’ ते म्हणाले. ‘अजून थोडो.’

सूर काढला, परत उचललं, परत बसवला. आता हुस्स, हुस्स, आणि काहीच नाही.

‘आता झोपलो,’ गणूबुवा म्हणाले.

टोकाजवळून नखाने अगदी किंचित दाबलं. सूर बसवायच्या आधी तोंडाने फुंकून बघितला. पाच वेळा असं झालं. पाचव्या वेळी जयवंतभाऊंनी दाबली, वाट बघितली, आणि तो आला. ढेकर दिल्यासारखा. त्यांचा चेहरा बदलला. ‘ह्यो,’ ते म्हणाले, आणि काही न विचारता पद पहिल्यापासून वाजवू लागले.

मला वाटतं, त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी गायले नसते. पण त्यांना पट्ट्यांवरून नजर काढता येत नव्हती. मी दाराच्या आड गेले आणि तिथून, भिंतीकडे तोंड करून, म्हटलं. माझा आवाज फाटका आहे, हे आधीच सांगून ठेवते.

नाव न आली पैलतीरिची,
सांज दाटली दारी,
थांब जरा गे, थांब राधिके,
येईल... तो श्रीहरी.

‘येईल’ म्हटल्यावर मी थांबले. त्यांनी काळी चार दाबली. पेटीने श्वास घेतला. आणि तो आला.

मग गणूबुवा म्हणाले, ‘शेवंते, दरवर्सा मान कित्या हलवत होतंस गो?’ मी दाराआडून पुन्हा मान हलवली. त्यांना दिसली नाही, हे बरं झालं.

त्यांनी पद एका वहीत उतरवून घेतलं. उंदीर लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात ती वही ठेवायची शपथ घेतली. ह्या चतुर्थीला त्यांच्या मंडळाने ते म्हटलं. मंडळाची पेटी नवी, दुहेरी सुरांची. काळी चार दाबताच बोलते. बुवा तिथे भाता धरून थांबतात आणि डोळे मिटतात. लोकांना वाटतं भक्ती आहे. मी सगळ्यात मागे खांबाआड बसले होते.

राहिले चारशे रुपये. न सांगता बाबांचा सूर काढायचे मी घेतले होते. त्याच दिवशी परत देऊ लागले, तर जयवंतभाऊ म्हणाले, ‘दोनदा काम केल्यात, उलट मीच देवक व्हये.’ मी नोटा त्यांच्या पिशवीत टाकल्या. चार दिवसांनी एसटीच्या वाहकाबरोबर त्या परत आल्या, वर कोकमाची एक बाटली. मी कोकम ठेवून घेतलं, नोटा परत पाठवल्या. पुन्हा आल्या, बरोबर कोकमाची वाळवलेली सोलं. दादा म्हणाला, ‘असाच चालू ठेव, वर्साचा सामान भरात.’

शेवटी मी स्वतः गेले. मालवणहून वेंगुर्ला, वेंगुर्ल्याहून शिरोडा. आयुष्यात एकटीने केलेला हा माझा सगळ्यात लांब प्रवास. जयवंतभाऊंची आई पडवीत खाटेवर बसली होती, डोळ्यांनी अधू, शेजारी पेटी. मी पायरीवर उभी राहिले. तिने माझा श्वास ऐकून तोंड वळवलं.

‘कोण तां?’

‘पेटीवाली.’

‘त्या डावऱ्याचा चेडू?’

‘होय, काकी.’

‘तुझ्या बापाशीनच माका ह्यां पद शिकवल्यान. पेटी देवक इल्लो तेव्हा. भियत भियत म्हणालो, बाय, एक सूर वायच उशिरा येता. जमणा नसात तर पेटी परत आणून दी, पैसे परत करीन. मी म्हटलंय, उशिरा येवंदे, येता मां.’

मी तिच्या हातात चारशे रुपये ठेवले. तिने एकेक नोट बोटांनी चाचपून मोजली आणि उशीखाली ठेवली. जयवंतभाऊ दारात काही बोलायला लागले. तिने त्यांना हातानेच गप्प केलं.

‘सूर उशिरा इलो म्हणून मी तुझ्या बापाशीकडे पैसे परत मागूक नाय,’ ती म्हणाली. ‘तू तो येळार आणलंस म्हणून परत गावले. सगळा फिटला. आता बस, आणि तां पद म्हण.’